बोर्डावरची नावे

२०११ साली मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा आमच्या नात्यागोत्यात कोर्टाची पायरी चढलेली माणसे होती ती केवळ पक्षकार म्हणून. वडील उमरेड आगारात एसटीचे वाहक होते आणि आई घर सांभाळत असे. ज्या वर्गमैत्रिणींचे मामा किंवा काका वकील होते, त्या निकालानंतरच्या आठवड्यातच कोणाच्या तरी ऑफिसात बसू लागल्या. मी एका ऑफिसात लागले ते कॉलेजच्या फलकावरची चिठ्ठी वाचून. तिथे वर्षभर मी जे केले, ते एका वाक्यात सांगता येते: पुकारा झाला की उभे राहायचे आणि पुढची तारीख मागायची. फाइल हातात येत असे ती कोर्टाच्या दारात आणि परत जात असे ती दुपारच्या सुट्टीत. त्या फाइलमध्ये काय आहे, हे वाचण्याची सवड नव्हती आणि विचारण्याची मुभाही नव्हती.

मला शिकायचा होता तो भूसंपादनाचा कायदा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ साली झाले, आणि कुही, भिवापूर, पवनी या भागांतल्या कितीतरी घरांत त्यानंतर 'निवाडा', 'वाढीव मोबदला', 'रेफरन्स' हे शब्द रोजच्या बोलण्यातले झाले. माझे मावसभाऊ त्यांपैकीच. त्यांच्या हातातले कागद मला वाचता येत नव्हते, आणि मी तर वकील होते. ही टोचणी घेऊन मी माणूस शोधायला निघाले.

पहिल्या प्रयत्नात मी ज्यांची नावे शहरात सर्वांना ठाऊक आहेत अशा तीन वकिलांकडे गेले आणि तिघांनाही जवळपास एकच वाक्य बोलले: "सर, मला या क्षेत्रात काम करायचे आहे, आपण मार्गदर्शन करावे." तिघेही सौजन्याने वागले. एकांनी चहा दिला. तिघांनीही "या कधीतरी" असे सांगितले आणि मी ते खरे मानून दोनदा परत गेले. आता विचार करता त्यांच्याकडून दुसरे उत्तर मिळणे शक्यच नव्हते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मी त्यांना असे काहीही विचारले नव्हते की ज्याचे उत्तर दहा मिनिटांत देता येईल. त्यांच्यापुढे मी एक अख्खे नाते मागत उभी होते, आणि नाते असे मागून मिळत नाही. शिवाय त्यांच्यापैकी दोघे भूसंपादनाची कामे फारशी करतच नव्हते, हे मला नंतर कळले. मी कीर्ती पाहून गेले होते, काम पाहून गेले नव्हते.

काम पाहण्याची जागा मात्र कोणालाही खुली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, संकेतस्थळावर येतो आणि त्यात प्रत्येक प्रकरणासमोर दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे असतात. झालेले आदेश आणि निकालही तिथेच वाचता येतात आणि आदेशाच्या अगदी वरच्या भागात अपीलकर्त्यातर्फे कोण, राज्यातर्फे कोणते सहायक सरकारी वकील, संपादन करणाऱ्या महामंडळातर्फे कोण, हे नोंदलेले असते. लोक आदेश वाचतात तो शेवटच्या परिच्छेदासाठी, आणि वरच्या त्या चार ओळींवरून नजर सरकून जाते. माझ्यासारख्या ओळख नसलेल्या माणसाला खरा उपयोग त्या चार ओळींचाच आहे. आज ई-कोर्ट्सवर जिल्हा न्यायालयांतली प्रकरणेही वकिलाच्या नावाने शोधता येतात, म्हणजे हेच काम आणखी सोपे झाले आहे.

मी दोनशे पानी वही घेतली. वाढीव मोबदल्याच्या प्रथम अपिलांतले आदेश रोज रात्री दोन-तीन या बेताने वाचू लागले, आणि दर आदेशामागे एक ओळ लिहू लागले: वकील कोण, बाजू कोणती, प्रकरण कोणत्या टप्प्यावर, आणि न्यायालयाने त्यांचा कोणता मुद्दा शब्दांत घेतला. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. काही नावे पन्नास आदेशांत येत, पण प्रत्येक वेळी मजकूर एवढाच की वेळ मागितला आणि वेळ दिला. काही नावे सहा-सात वेळाच येत, पण त्या आदेशांत 'अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी निदर्शनास आणले की' असे म्हणून पुढे विक्रीखताचा क्रमांक, जमिनीची प्रतवारी, विहिरीचे मूल्यांकन असे काहीतरी ठोस असे. दोन महिन्यांत माझ्या वहीत एकूण बावीस नावे आली आणि अशी ठोस नोंद ज्यांच्यासमोर वारंवार होती ती फक्त पाच होती.

या पाचांमध्ये एकही नामनिर्देशित ज्येष्ठ अधिवक्ता नव्हता, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम १६ खाली ज्यांना ज्येष्ठ अधिवक्ता म्हणून नेमले जाते, ते स्वतः वकीलपत्र दाखल करू शकत नाहीत आणि दुसऱ्या वकिलाला सोबत घेतल्याशिवाय हजर होऊ शकत नाहीत. त्यांच्याकडे प्रकरण येते तेव्हा अर्ज लिहून झालेला असतो, मुदत मोजून झालेली असते, नकला जोडून झालेल्या असतात. नवख्या माणसाला जे येत नाही ते नेमके हे आधीचे काम आहे. म्हणून मला हवा होता तो पंधरा-वीस वर्षे वकिली केलेला, स्वतः वकीलपत्र घालणारा आणि स्वतः मसुदा लिहिणारा वकील. नव्या मुलांचा सारा ओघ सर्वांत मोठ्या नावांकडे असतो आणि या मधल्या पिढीकडे कोणी फिरकत नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

मग मी त्या पाचांना कोर्टात पाहिले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीत कोट आणि बँड घालून शेवटच्या रांगेत बसलेल्या वकिलाला कोणी काही विचारत नाही. बोर्ड पाहून, ज्या दिवशी त्या पाचांपैकी कोणाचे अपील अंतिम सुनावणीला असेल त्या दिवशी, मी माझे तारखा घेण्याचे काम उरकून तिथे जाऊन बसत असे. कोण मोठ्या आवाजात बोलतो, हे मी पाहत नव्हते. न्यायमूर्तींनी "हे कुठे आहे?" असे विचारले की पान क्रमांक किती लवकर सांगितला जातो, याकडे माझे लक्ष असे, कारण त्यावरून फाइल स्वतः वाचली आहे की नाही ते कळते. आणि दुसरे पाहत असे ते त्यांच्या ज्युनियरकडे. एका वकिलांच्या शेजारी बसलेली मुलगी प्रत्येक निवाड्याला आधीच खुणेचा कागद लावून बसली होती, आणि त्यांनी मध्येच मागे वळून तिला हळूच काही विचारले, तिने उत्तर दिले, आणि त्यांनी ते उत्तर तसेच पुढे मांडले. ज्या माणसाला आपल्या ज्युनियरला विचारताना संकोच वाटत नाही, तो अनोळखी माणसालाही शिकवील, एवढा अंदाज मी त्यावरून बांधला. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

मात्र त्यांच्याकडे जाण्याआधी माझ्या हातून एक चूक झाली. पाचांपैकी दुसऱ्या एका वकिलांकडे मी मावसभावांचे कागद घेऊन गेले आणि गावाचे नाव सांगून बोलू लागले. त्यांनी लगेच हात वर करून मला थांबवले. "मॅडम, पुढे बोलू नका. त्या गावाच्या अपिलांत मी महामंडळातर्फे उभा आहे. तुम्ही सांगितलेले मला ऐकताही येणार नाही आणि विसरताही येणार नाही." मी वहीत त्यांच्यासमोर 'शेतकऱ्यांतर्फे' असे लिहिले होते, कारण मी वाचलेल्या सात आदेशांत ते तसे होते; महामंडळातर्फे त्यांची कामे दुसऱ्या तालुक्यांतली होती आणि तिथवर मी पोचलेच नव्हते. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट विरुद्ध बाजूच्या वकिलासमोर मांडणे हा केवळ संकोचाचा विषय नाही, त्याने आपल्याच पक्षकाराचे नुकसान होते. त्या सज्जन गृहस्थांनी मला वाचवले. तेव्हापासून कोणाकडेही प्रश्न घेऊन जाताना मी दोन गोष्टी कटाक्षाने करते: त्या प्रकल्पातल्या दोन्ही बाजूंच्या हजेऱ्यांत त्यांचे नाव शोधते, आणि कागदांवरून गाव, गट क्रमांक आणि माणसांची नावे काढून टाकते. प्रश्न कायद्याचा असेल तर या नावांची गरजच नसते.

आता मूळ प्रश्न सांगते. जुन्या भूसंपादन कायद्यात, म्हणजे १८९४ च्या अधिनियमात, कलम २८-अ हे १९८४ च्या दुरुस्तीने आले. ज्या शेतकऱ्याने वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली रेफरन्स मागितला नाही, पण त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याने मागितला आणि न्यायालयाने शेजाऱ्याची रक्कम वाढवली, तर या पहिल्या शेतकऱ्यालाही त्याच आधारावर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करता येतो. अट अशी की अर्ज न्यायालयाच्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत हवा. आपल्याला तो निवाडा कधी कळला, हे धरले जात नाही. निवाड्याचा दिवस आणि नक्कल मिळवण्यासाठी लागलेला आवश्यक काळ तेवढा त्यातून वगळला जातो. २०१३ च्या नव्या कायद्यात हीच तरतूद कलम ७३ मध्ये आहे.

मावसभावांच्या शेजाऱ्याचा निवाडा ११ जानेवारी २०१३ रोजी झाला होता. आम्ही नकलेसाठी १ फेब्रुवारीला अर्ज केला आणि नक्कल हातात घेतली ती ४ मार्चला. मी हिशेब केला: १ फेब्रुवारी ते ४ मार्च हे ३२ दिवस वगळायचे, ११ एप्रिलपुढे ३२ दिवस धरायचे, म्हणजे १३ मेपर्यंत वेळ आहे. हिशेब मला बरोबर वाटत होता, पण खात्री नव्हती. हाच प्रश्न मी पत्रात लिहिला. पत्र एका पानाचे होते आणि त्यातला मुख्य भाग असा होता:

"आदरणीय सर, मी दोन वर्षांपूर्वी सनद घेतलेली वकील असून आपल्या तीन प्रथम अपिलांची अंतिम सुनावणी मी कोर्टात बसून ऐकली आहे. माझ्या एका पक्षकाराचा कलम २८-अ खालचा अर्ज करावयाचा आहे. एकाच अधिसूचनेतले अनेक निवाडे असल्यास पहिल्याच निवाड्यापासून मुदत मोजावी लागत नाही, हे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रदीप कुमारी प्रकरणावरून मला समजले आहे. माझा प्रश्न नकलेच्या काळाविषयी आहे. तारखा आणि माझा हिशेब खाली दिला आहे. तो कुठे चुकतो, एवढेच आपण सांगावे, अशी विनंती आहे. आपण या प्रकल्पात महामंडळातर्फे हजर होत असल्यास कृपया हे पत्र बाजूला ठेवावे. कोणत्याही दिवशी सायंकाळी दहा मिनिटे पुरेत."

हे पत्र मी सकाळी साडेदहाला कोर्टरूमबाहेर दिले नाही, कारण त्या वेळी वकिलाचे डोके समोरच्या प्रकरणात असते. दुपारच्या सुट्टीत बार रूममध्येही दिले नाही. तिथे चार माणसांसमोर कोणालाही नकार देणे अवघड जाते आणि तसा मिळालेला होकार टिकत नाही. साडेचारनंतर त्यांच्या ऑफिसात मुन्शींच्या हाती दिले आणि खाली माझा फोन नंबर लिहिला. पाचव्या दिवशी मुन्शींचा फोन आला: "ताई, साहेबांनी नक्कल घेऊन बोलावलं जी. सोमवारी साडेसहाला या."

तो सोमवार १५ एप्रिल होता. मी माझा हिशेब समोर ठेवला. नक्कल मी हातातच धरली होती, नावांवर कागद चिकटवून. त्यांनी हिशेब वाचला नाही. म्हणाले, "ती नक्कल उलटी करा." मी केली. शेवटच्या पानामागे निळ्या शाईचा एक शिक्का होता, थोडा तिरका बसलेला, आणि त्यात तीन ओळी हाताने भरलेल्या होत्या: अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. मधल्या ओळीत २० फेब्रुवारी होते. सहा आठवडे ती नक्कल माझ्याजवळ होती आणि तो शिक्का मी पाहिलाही नव्हता.

"कायदा नक्कल मिळवायला लागणारा आवश्यक काळ म्हणतो," ते म्हणाले. "तयार होऊन ती कपाटात पडून राहिली तो काळ तुमचा. तो कसा वगळणार?"

मी पुन्हा मोजले. १ ते २० फेब्रुवारी हे २० दिवस. ११ एप्रिलपुढे २० दिवस म्हणजे १ मे. म्हणजे महाराष्ट्र दिन, कार्यालय बंद. मी म्हटले की मग २ मेपर्यंत चालेल. त्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले की सुट्टीचा मुद्दा भांडता येईल, पण जो मुद्दा भांडावाच लागणार नाही त्यावर शेतकऱ्याची जमीन का टांगून ठेवायची. या आठवड्यातच अर्ज द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि पोचेवर तारखेचा शिक्का स्पष्ट उमटला आहे की नाही हे खिडकीवरच पाहा. मी माझ्या १३ मेच्या हिशेबावर विसंबले असते, तर अर्ज बारा दिवसांनी मुदतबाह्य झाला असता, आणि तो का फेटाळला गेला, हे मावसभावांना समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली असती. ही भेट बारा-तेरा मिनिटे चालली असेल.

गुरुवारी अर्ज दाखल केला. त्याच संध्याकाळी मी पोचेची झेरॉक्स आणि दोन ओळींची चिठ्ठी त्यांच्या ऑफिसात ठेवून आले. त्यात नवा प्रश्न नव्हता. सल्ला मागणारे पुष्कळ असतात, पण पुढे काय झाले ते कळवायला बहुतेकजण परत येत नाहीत, असे त्यांनीच पुढे कधीतरी मला सांगितले. दोन महिन्यांनी मी दुसरा प्रश्न घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला बसवून एका जुन्या अपिलाची फाइल वाचायला दिली. त्यांच्या ऑफिसात मी कधीच रुजू झाले नाही. आमच्यात 'मार्गदर्शक' हा शब्दही कधी आला नाही. पण पुढच्या चार वर्षांत मी त्यांच्याकडे असे सव्वीस प्रश्न नेले, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर माझे स्वतःचे उत्तर असे, बहुधा चुकलेले.

त्यांच्याकडून जे मिळाले नाही ते दुसरीकडून घ्यावे लागले. ऑफिसात लिहिलेला अर्ज उत्तम असला तरी तो उच्च न्यायालयाच्या कार्यालयात त्रुटी निघून परत येतो, आणि त्या त्रुटी कशा दूर करायच्या, कोणत्या पानाला समास कमी पडला, कोणत्या मराठी कागदाचा अनुवाद जोडायचा राहिला, हे मला मुन्शींनी शिकवले, तेही फाइलिंगच्या खिडकीसमोर उभे राहून. जमिनीचे मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञ साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावी, हे मला जिल्हा न्यायालयात एका निवृत्तीच्या वाटेवरच्या सहायक सरकारी वकील बाईंकडून शिकायला मिळाले. त्या नेहमी विरुद्ध बाजूला असत, म्हणून ज्या प्रकरणात आम्ही समोरासमोर नव्हतो अशाच प्रकरणांची चर्चा आम्ही करत असू. एका माणसाकडून सगळे शिकण्याची अपेक्षा मी पहिल्या तीन भेटींत केली होती, आणि ती त्या तिघांवर अन्यायकारक होती.

पैशांचा प्रश्न यातून सुटत नाही, हे सांगायलाच हवे. मी अडीच वर्षे त्या पहिल्या ऑफिसात टिकले ते महिना चार हजारांवर, आणि वडिलांच्या पगारावर राहिले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरी भागात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली; ती शिफारस आहे, सक्ती नाही. बोर्ड वाचायला, शेवटच्या रांगेत बसायला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो, आणि ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला तो वेळ कोठून काढायचा, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याची एक नवी वकील माझ्या ऑफिसात एक पानी पत्र ठेवून गेली. कलम ७३ खालच्या अर्जाविषयीचा प्रश्न होता, स्वतःचे उत्तरही लिहिले होते, तारखा नीट होत्या. पत्रात प्रकल्पाचे नाव मात्र होते, आणि त्या प्रकल्पातल्या दोन अपिलांत मी स्वतः हजर आहे. मी पुढे न वाचता पान उलटे ठेवले आणि तिला फोन करून सांगितले की आधी त्या प्रकल्पाच्या आदेशांत माझे नाव दोन्ही बाजूंना शोधून बघा, आणि मी तुमच्या विरुद्ध बाजूला नसेन तर बुधवारी सहाला या, नक्कल घेऊन.